सातबाऱ्यावरचं 'ए.कु.मॅ.' म्हणजे नेमकं काय?

मीनल
आई जानेवारीत गेली. आम्ही दोन भाऊ आणि मी, वाटणीचं बोलणं चाललंय. सातारा जिल्ह्यातल्या १२ एकरांच्या सातबाऱ्यावर थोरल्या दादांचं एकट्याचं नाव आहे, त्याआधी 'ए.कु.मॅ.' असं लिहिलंय. दादा म्हणतात, याचा अर्थ 'एक कुटुंब मालक'. वडील १९८७ मध्ये गेले तेव्हाची नोंद आहे. शब्दाचा खरा अर्थ कुणी सांगेल का?

विद्याधर
'एकत्र कुटुंब मॅनेजर'. मालक नव्हे. काही गावांत 'ए.कु.क.' म्हणजे कर्ता, काही ठिकाणी 'ए.कु.पु.' म्हणजे पुढारी. तिन्हींचा अर्थ एकच: घराच्या वतीने कारभार बघणारा. बाकीच्यांचा हक्क त्या तीन अक्षरांमागे जिवंत असतो.

शरदराव
इतका सुंदर 'कर्ता' शब्द संस्कृतातून आलेला असताना सरकारी दप्तरात 'मॅनेजर' कशाला हवा होता? मला हे फार खटकतं.

नंदा ताई
शरदराव, आमच्या गावात 'मॅनेजर' शंभरांना कळतो, 'कर्ता' दहांना. आणि 'पुढारी' म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते. शब्द चालतो तोच खरा.

प्रकाश
मीनल, शब्द काहीही असो, वारसा कायद्यातला बदल लागू झाला त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसतील तर मुलीला सहहिस्सेदार म्हणून हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. वडिलांच्या वाट्यातलं तेवढं मिळेल.

विद्याधर
प्रकाश, तसा निकाल २०१५ मध्ये आला होता, बरोबर. पण ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांनी तो बाजूला सारला. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.
फरक आकड्यात बघा. जमीन पणजोबांपासून अविभक्त आहे असं धरू, मृत्युपत्र नाही. जुन्या हिशोबात १९८७ ला वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे, प्रत्येकी ३ एकर. वडिलांच्या ३ एकरांत मीनलला ३० गुंठे. आईकडे तिचे ३ एकर आणि ३० गुंठे, त्याचे आता तिघांत ५० गुंठे. एकूण ८० गुंठे, म्हणजे २ एकर. आजच्या कायद्याने तिघांचा सारखा वाटा, मीनलला ४ एकर.

मीनल
जमीन पणजोबांचीच आहे. दोन एकरांचा फरक! दादा 'हिस्सा' म्हणत नाहीत, 'बहिणीची साडीचोळी' म्हणतात.

नंदा ताई
माझ्या आजीनं साडीचोळीवर सही केली होती. 'हक्कसोड' हा शब्द तिला कुणी वाचून दाखवलाच नाही, 'वारसाचा कागद' म्हणून अंगठा घेतला. मीनल, कागदाच्या मथळ्यावर 'हक्कसोड' किंवा 'हक्कसोड पत्र' दिसलं तर सही करण्याआधी घरी आणून वाच. नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड.

शरदराव
'हिस्सा' अरबी, 'वाटा' आपला. आमच्याकडे कोकणात 'तक्षीम' म्हणतात, तोही अरबी 'तक्सीम'. मराठीत जमिनीचे शब्द इतके परके का, याचा मी खूप विचार केलाय.

दत्ता
आमची वाटणी १९९९ ला झाली, फेरफार आहे, बहिणींची नावं नाहीत. आता त्या मागू शकतात का? झोप लागत नाही हो.

विद्याधर
दत्ता, २० डिसेंबर २००४ च्या आधीची नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा हुकूम असेल तर ती मोडत नाही. नुसती तोंडी वाटणी मात्र न्यायालय सहसा मानत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर अपवादाने. तुमच्या फेरफाराची नक्कल काढा, मागे आदेश आहे की नुसता जबाब, ते त्यात कळेल.
मीनल, तुम्हीही दादांच्या नावाशेजारी वर्तुळात जो फेरफार क्रमांक आहे, त्याची नक्कल तलाठ्याकडून घ्या. १९८७ च्या त्या नोंदीत बहुधा वारसांची नावं लिहिलेली असतील. धोका पुढच्या पायरीवर आहे. दादांच्या पश्चात 'ए.कु.मॅ.' गळतं आणि फक्त त्यांच्या मुलांची वारस नोंद होते. आत्ताच तिघांनी मिळून नावं लावून घेतली तर तो गोंधळ टळेल. वाद झाला तर दिवाणी दावा लागेल, फेरफाराने मालकी ठरत नाही.

प्रकाश
मालकी ठरत नाही म्हणता, पण बँक पीककर्ज सातबारा बघूनच देते!

नंदा ताई
आणि मॅनेजर बाई असेल तर? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये थोरली मुलगी कर्ता होऊ शकते असं म्हटलंय.

शरदराव
मग शब्द 'कर्ती' हवा. की 'कर्त्री'?

मीनल
नक्कल उद्या काढते. दादांना हा धागा दाखवू का, अजून ठरवलं नाहीये. आईच्या वर्षश्राद्धाआधी भांडण नको आहे.