शीट, क्ले की पील-ऑफ? नाकावरच्या ठिपक्यांसाठी सल्ला हवाय

अबोली२७
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे. त्या निमित्ताने घरात तीन प्रकारचे मास्क येऊन पडलेत: शीट मास्कची पाच-सहा पाकिटं, एक क्ले मास्कची डबी आणि एक काळा पील-ऑफ, कोळसावाला. माझं कपाळ आणि नाक तेलकट आहे, गाल मात्र ऑफिसच्या एसीत कोरडे पडतात. नाकावर बारीक काळपट ठिपके आहेत, जवळून आरशात पाहिलं की नको वाटतं. तिन्हींपैकी नक्की कोण काय करतं? आणि ठिपक्यांसाठी कुठला लावू? पील-ऑफचे व्हिडिओ बघून तोच लावावा असं वाटतंय, त्यावर चिकटून आलेलं सगळं दिसतं ना!

खडीसाखर
अबोली, एवढा विचार कसला करतेस. आधी पाच मिनिटं वाफ घे म्हणजे रंध्रं उघडतात, मग मुलतानी माती, लिंबू आणि गुलाबपाणी. पूर्ण सुकू दे, चेहरा ताणल्यासारखा झाला की समजायचं काम झालं. शेवटी गार पाणी मारायचं, रंध्रं बंद. शीट मास्क म्हणजे पैसे पाण्यात.

सुलभा_का
माझ्या मुलीने त्वचेच्या डॉक्टरांकडे पील केलं होतं. आठवडाभर सोलत होती, उन्हात जायची बंदी होती. लग्न महिन्यावर आलेलं असताना नको गं बाई करूस.

अबोली२७
सुलभाकाकू, ते डॉक्टर ॲसिड लावून करतात ते वेगळं. हा ट्यूबमधला जेल आहे, सुकल्यावर पापुद्र्यासारखा ओढून काढायचा.

बीकर
मी क्रीम-लोशनच्या कारखान्यात फॉर्म्युलेशन बघते, मास्कही केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पील-ऑफपासून सुरू करू, कारण मन तिकडे ओढलंय. त्यात मुख्य माल पॉलीव्हिनाइल अल्कोहोल. शाळेत तळहातावर फेविकॉल सुकवून सोलायचो, तो याचा चुलतभाऊच. बरोबर पाणी आणि लवकर सुकावं म्हणून बहुधा साधं अल्कोहोलही असतं. सुकताना त्याचा पापुद्रा होतो आणि जे हाताशी लागेल त्याला चिकटतो: वरच्या मेलेल्या पेशी, चेहऱ्याची लव, आणि रंध्रांच्या तोंडाशी आलेल्या मेणचट तेलाची टोकं. व्हिडिओत दिसतात ते उभे काटे म्हणजे बऱ्याचदा लवच असते. ओढल्यावर गाल मऊ लागतो तो त्यामुळेच. कोळसा त्या पापुद्र्यात अडकून बसलेला असतो, तो त्वचेतून काय शोषणार याबद्दल मला तरी शंका आहे. काळा रंग छान दिसतो, एवढं नक्की.

आता ठिपके. अबोली, हे ठिपके राखाडी, बारीक आणि नाकभर एकसारख्या अंतरावर आहेत का? दाबलं तर पांढरट-पिवळट धाग्यासारखं काही येतं का? तसं असेल तर ते ब्लॅकहेड्स नव्हेत. रंध्रातून तेल वर येण्याची ती नेहमीची वाट आहे, सगळ्यांना असते. मास्कने टोक काढलं तरी महिनाभराच्या आत पुन्हा भरतं. खरा ब्लॅकहेड गडद काळा, एकटादुकटा आणि घट्ट बूच बसल्यासारखा असतो. तो काळा दिसतो ते मळामुळे नाही. बुचाचं तोंड उघडं असतं आणि त्यातलं रंगद्रव्य काळं पडतं, म्हणून घासून जात नाही.

आणि एक प्रश्न: रात्री चेहऱ्याला आणखी काय लावतेस?

भटक्या
बीकर, पुरुषांच्या वतीने एक भर. बायकोने हौसेने माझ्या गालावर तो काळा लावला. दाढीची खुंटं होती. काढताना शेजारच्यांनी बेल वाजवली, काय झालं विचारायला.

अबोली२७
हो, अगदी तसेच राखाडी आणि एकसारखे. म्हणजे ब्लॅकहेड्स नाहीतच? रात्री डॉक्टरांनी पिंपल्ससाठी दिलेली ॲडापलीन जेल लावते. त्याचा मास्कशी काय संबंध?

बीकर
फार जवळचा संबंध आहे. पील-ऑफ बाजूला ठेव.

ॲडापलीनने त्वचेच्या वरच्या थराची उलाढाल वाढते. विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत तो थर पातळ आणि सैल असतो. त्यावर चिकट पापुद्रा ओढला तर मेलेल्या पेशींबरोबर खालचा थरही सोलून निघू शकतो. ट्यूबबरोबरच्या कागदावर वॅक्सिंग टाळा असं असतं ते याचसाठी, आणि पील-ऑफ हे त्याच जातीचं. असं झालं की लगेच लाल, चमकदार, ओलसर डाग दिसतो आणि पाणी लागलं तरी झोंबतो. तो भाग आठवड्याभरात भरतो, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तिथे मागे तपकिरी डाग उरतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. लग्नाच्या फोटोंच्या आधी ही जोखीम कशाला?

खडीसाखर
पण जेल चार दिवस बंद ठेवून लावता येईल की. आमची पार्लरवाली वॅक्सच्या आधी आठवडाभर बंद ठेवायला सांगते.

बीकर
पार्लरवाल्या सांगतात, बरोबर. पण तेवढा आठवडा प्रत्येकीला पुरतो का ते मी छातीठोक सांगणार नाही. जेल किती ताकदीची, किती दिवसांपासून, त्वचा आधीच सोलवटली आहे का, यावर ते ठरतं. शिवाय जेल थांबवली की पिंपल्स परत येण्याची शक्यता, आणि मिळणार काय तर पुन्हा भरणारी तेलाची टोकं. डॉक्टरांना विचारून ठरव.

ठिपक्यांना उपयोग व्हायचा तर मुळात तुझी ॲडापलीनच करेल, सावकाश. रंध्रात बूच तयार होऊ न देणं हेच तिचं काम आहे.

आता खडीसाखर यांच्या कृतीबद्दल. मुलतानी माती तेल शोषते यात वाद नाही. तिचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग खूप मोठा, त्यामुळे चेहऱ्यावरचं आणि रंध्रांच्या तोंडाशी आलेलं तेल ती धरून ठेवते. आतल्या ग्रंथीला ती काही करत नाही, म्हणून काही तासांत नाक पुन्हा चमकायला लागतं. तेल निघालं की रंध्रं लहान दिसतात, होत नाहीत. वाफेने रंध्रं उघडत नाहीत आणि गार पाण्याने मिटतही नाहीत, तिथे उघडझाप करणारा स्नायूच नाही. वाफेने आतलं मेण थोडं मऊ होतं, इतकंच.

पूर्ण सुकू देण्याला मात्र माझा ठाम विरोध. माती ओली असते तोवरच तिचं काम चांगलं चालतं. सुकत गेली की ती त्वचेच्या वरच्या थरातलं पाणीही ओढते आणि आक्रसून कातडी खेचते. तो 'ताण' म्हणजे काम झाल्याची खूण नव्हे. कडा फिकट व्हायला लागल्या आणि मध्ये अजून ओलं आहे, तेव्हा काढायचा. साधारण आठ-दहा मिनिटं. खरवडून नाही, ओल्या फडक्याने भिजवून.

लिंबू तर नकोच. त्याचा पीएच २ च्या आसपास, त्वचेचा पाचच्या जवळपास. वर लिंबाच्या सालीतला रस लागून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.

खडीसाखर
आमच्याकडे आजीपासून लिंबू लावतात, कुणाला चट्टे उठले नाहीत. तुमचं शास्त्र असेल, पण मी बंद करणार नाही. सुकू न देण्याचं पटलं. हिवाळ्यात माझे गाल खरखरीत होतात ते बहुतेक त्यानेच.

निशिगंध_ठाणे
शीट मास्कबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी आठवड्यातून एकदा तरी लावते आणि दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात काय केलंस. त्यातलं हायल्युरॉनिक ॲसिड त्वचेत खोलवर जाऊन पाणी भरतं ना? मी रात्रभर ठेवते, जास्त मुरावं म्हणून.

बीकर
निशिगंध, चमक खरी, कारण थोडं वेगळं. पाकिटात पाणी, ग्लिसरीन, थोडं हायल्युरॉनिक ॲसिड, ते टिकवणारं रसायन आणि वास असतो. मोठ्या रेणूंचं हायल्युरॉनिक खोल जात नाही, वरच बसतं. खरी करामत कापडाची आहे: ते चेहऱ्यावर चिकटलेलं असताना पाणी उडून जात नाही, त्यामुळे वरचा थर पाणी पिऊन फुगतो, बारीक कोरड्या रेषा बुजतात आणि प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. हे काही तास टिकतं. वरून मॉइश्चरायझर लावलं नाही तर आणखी लवकर उडतं.

रात्रभर मात्र ठेवू नका. कापड सुकू लागलं की उलटा प्रवास सुरू होतो, ते त्वचेतलं पाणी ओढतं. पंधरा-वीस मिनिटांत, ओलं असतानाच काढा. पाकिटावर 'उजळ' लिहिलेल्या नायसिनमाइडचंही असंच: त्याचा परिणाम काही आठवडे रोज लावून दिसतो, वीस मिनिटांत नाही.

भटक्या
मग ओल्या चेहऱ्यावर ग्लिसरीनवालं क्रीम लावलं तरी तेच झालं की. पाकिटाला शंभर रुपये कशाला?

बीकर
बरंचसं तेच होतं, हो. शीट मास्कमध्ये पाणी जास्त आणि वीस मिनिटं निवांत पडून राहायला कारण मिळतं. ज्याचं त्याने ठरवावं.

अबोली, मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. क्ले फक्त नाक आणि कपाळावर, गालाला नाही, आठवड्यातून एकदा. डबीत बेंटोनाइट आहे की काओलिन ते बघ. काओलिन सौम्य आणि ॲडापलीनवाल्यांना जास्त मानवतं, बेंटोनाइट जोरात शोषतं. ज्या रात्री क्ले, त्या रात्री जेल नाही. शीट मास्क लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, आणि वर मॉइश्चरायझर. मेकअपच्या आधी लगेच लावलास तर राहिलेल्या चिकट सीरमवर फाउंडेशनच्या गोळ्या होतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलंही नवं पाकीट त्या आठवड्यात प्रथमच उघडू नकोस. आजच जबड्याखाली थोडं लावून बघ.

अबोली२७
काल शीट मास्क लावून पाहिला. नाक-कपाळ ठीक, गालांना लगेच चुरचुरलं, थोडे लाल झाले. पाकिटावर व्हिटॅमिन सी आणि सुवास लिहिलंय. अर्ध्या तासात लाली गेली. बाकीची पाकिटं फेकू का?

बीकर
चुरचुर एक-दोन मिनिटांत थांबली नाही तर काढून धुवायचं. जेलने सोलवटलेल्या गालांवर सुवास आणि व्हिटॅमिन सी दोन्ही झोंबू शकतात. पैकी कोण, ते एका पाकिटावरून कळणार नाही. उरलेल्यांत बिनवासाचं, साधं ग्लिसरीन-हायल्युरॉनिकवालं असेल तर ते जबड्याखाली लावून बघ. आणि उघडलेल्या पाकिटातलं सीरम जपून ठेवू नकोस, बोटं बुडालेली असतात. तेव्हाच मानेला, कोपरांना चोळून टाक.

निशिगंध_ठाणे
मला तर बिनवासाच्याही काही मास्कने चुरचुरतं आणि मी कुठलीच जेल लावत नाही. याचं कारण काय असेल?

सुलभा_का
मुलीचं डॉक्टरांकडचं पील छान झालं होतं हो शेवटी, ते सांगायचं राहिलं. पण लग्न झाल्यावर कर.