डेटिंग अ‍ॅपवरचा पहिला मेसेज: तुमचे अनुभव सांगा

माळरान: आज एका मित्राने मेसेजचा मसुदा वाचायला दिला: "नमस्कार, आपला प्रोफाईल पाहिला, आवडला. ओळख करून घेण्यास उत्सुक आहे." स्थळांना जाणारी जुनी पत्रंच आठवली. फक्त "कळावे" राहिलं होतं.

मुलीचा फोटो हरिश्चंद्रगडावरचा, कोकणकड्याच्या टोकावर बसलेली, पायाखाली ढग. हिंजवर लाइक करताना त्या फोटोवरच दोन ओळी लिहून पाठवता येतात. मग काय लिहावं?

शेवंती_७: तू की तुम्ही, आधी तिथेच गाडं अडतं. "आपण" नकोच, बँकेचं पत्र वाटतं. वय जवळपास असेल तर सरळ तू.

दगडूशेट: "कड्यापेक्षा तूच सुंदर" 😄

शेवंती_७: नको हो! ते कुठल्याही फोटोखाली चालतं, आणि तिलाही ते कळतं. शिवाय त्यावर "थँक्स" सोडून ती काय लिहिणार?

भटक्या_नाशिक: सोपं आहे. "नळीच्या वाटेने चढलीस का?" असं विचारा. माहितगार वाटाल.

कातळ: उलट उघडे पडाल. फोटोत ढग आणि हिरवं गवत, म्हणजे पावसाळा. नळीची वाट बेलपाड्यातून सरळ घळीतून वर येते, वरून दगड सुटतात, पाणी वाहतं. पावसात तिकडे जाऊ नये. ट्रेक करणारी मुलगी एका वाक्यात ओळखेल की नाव कुठूनतरी उचललंय. माहीत असेल तेवढंच विचारा.

मी असं लिहीन: "एवढे ढग! पाचनईकडून चढलीस की खिरेश्वरहून? इंद्रवज्र दिसलं का?" फोटोत दिसतं त्यावरच बोललोय, आणि उत्तर द्यायला तिला एकच शब्द पुरतो. वाटलं तर ती अख्खी सकाळ सांगेल. गड पाहिलाच नसेल तर इंद्रवज्र, म्हणजे ढगांत दिसणारं गोल इंद्रधनुष्य, वगैरे गाळा. "हा कडा कुठला? उतरताना पाय लटपटले का?" हेही चांगलं. खरं कुतूहल असलं की अवघडलेपण आपोआप जातं.

माळरान: आणि "हाय" वेगळं?

कातळ: काढून टाका. "कशी आहेस"ही. जागा अडते आणि खरा प्रश्न खाली ढकलला जातो.

रेवा_ठाणे: वय ४६, दुसऱ्यांदा लग्नाचा विचार. आमच्या वयाला थेट तू बरं दिसतं का?

शेवंती_७: ताई, वाक्यातून सर्वनामच काढा. "पाचनईहून की खिरेश्वरहून?" यात तू नाही, तुम्हीही नाही. समोरचा कसा लिहितो ते बघून पुढे ठरवा.

कातळ: मला ते थोडं चोरटं वाटतं. ४६ला तुम्ही छान दिसतं.

भटक्या_नाशिक: प्रोफाईल रोमन मराठीत असेल तर मेसेजही तसाच का? देवनागरी जड वाटते म्हणतात.

दगडूशेट: खिरेश्वरहून तोलार खिंडीचा रस्ता सध्या कसा आहे? शनिवारी निघतोय.

कातळ: शेवाळ आहे, रेलिंग धरून चला. पहाटे लवकर निघा.