शब्दचर्चा : ‘आदिम’, ‘जडप्राणवाद’ आणि शिवेवरचा वाघदेव

शहाद्याची शिक्षिका
महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी मुलांनी आपापल्या गावच्या देवांच्या नोंदी लिहिल्या आहेत. तळोद्याकडच्या एका मुलीने वाघदेवावर लिहिलं. शिवेवरचा खांब, त्यावर कोरलेला वाघ, चंद्र-सूर्य, वाघबारसेची पूजा आणि गुरांना हात लावू नकोस म्हणून त्याला घातलेलं साकडं, असं सगळं नीट आलंय. तपासणाऱ्याने वर मथळा टाकला : ‘आदिम जडप्राणवादी धर्माचा अवशेष’. मुलगी विचारते, “मॅडम, पूजा तर गेल्या दिवाळीत झाली, मग अवशेष कसा?” तिला नुसतं ‘तो शब्द आता चालत नाही’ असं सांगून भागणार नाही. का चालत नाही, आणि त्या जागी काय लिहावं?

धुळेकर
ताई, जडप्राणवाद हा शास्त्रीय शब्द आहे, त्यात अपमान नाही. दगड, झाड, नदी अशा सगळ्या वस्तूंत प्राण असतो असं मानणं, एवढाच त्याचा अर्थ. ‘आदिम’ मात्र काढा. लोकांना वाईट वाटतं म्हणून अभ्यासकांनीही तो शिष्टाचार म्हणून सोडला. जड वाटत असेल तर ‘सर्वात्मवाद’ लिहा, म्हणजे उपनिषदांशीही नातं जुळेल.

गिरणाकाठचा शेतकरी
आमना वावरमा म्हसोबा शे. पाइपलाइनच्या आखणीत तो दगड मध्ये आला, तर आम्ही आखणी वळवली, दगड हलवला नाही. श्रावणात कानबाई घरी बसते. नारळाला डोळे, नथ लावतो, रोट करतो, दुसऱ्या दिवशी वाजत-गाजत पोचवून येतो. मग आम्ही पण जडप्राणवादी झालो का? आम्हाला तर कोणी आदिम म्हटलं नाही. डोंगरावर दगड पुजला की आदिम आणि वावरात पुजला की परंपरा, हे कसं काय?

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
भाऊंचा प्रश्न नेमका आहे, पण आधी धुळेकरांचं उत्तर घेतो, कारण ते अर्धं बरोबर आहे.

‘जडप्राणवाद’ हे ज्याचं मराठी रूप, तो अ‍ॅनिमिझम हा शब्द धर्माच्या अभ्यासात रुळवला तो इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी, 1871 साली. धर्म म्हणजे कमीत कमी काय, तर आत्मिक शक्तींवरचा विश्वास, अशी त्यांची व्याख्या. खरं तर त्यांना ‘स्पिरिच्युअलिझम’ म्हणायचं होतं, पण तेव्हा इंग्लंडात मृतात्म्यांना बोलावणाऱ्या मंडळींनी तो शब्द आधीच घेतला होता. त्यांचा तर्क असा : माणूस स्वप्नात मेलेल्या बापाला भेटतो, मेलेल्या देहातून काहीतरी निघून गेल्याचं पाहतो, यावरून तो आत्म्याची कल्पना करतो आणि पुढे ती प्राण्यांना, झाडांना, दगडांना लावतो. म्हणजे हा एक चुकलेला निष्कर्ष, मानवजातीच्या बालपणातला. आजच्या समाजात तसं काही दिसलं तर त्याला ते ‘अवशेष’ म्हणत. तुमच्या मथळ्यातला ‘अवशेष’ थेट तिथून आलाय.

हे सारं त्यांनी प्रवासी, मिशनरी आणि अधिकारी यांच्या लेखनावरून बसवलं. ते तरुणपणी मेक्सिकोत फिरले होते, पण ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यात राहून त्यांची भाषा शिकले नव्हते. पुढे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1965 साली या पद्धतीवर बोट ठेवलं : ‘मी त्यांच्या जागी असतो तर कसा विचार केला असता’ अशी कल्पना करायची आणि ती त्यांच्या डोक्यात घालायची. पहिल्या माणसाचा पहिला धर्म कोणता याला पुरावा मिळण्याची सोयच नाही. प्रगतीच्या शिडीची खालची पायरी रिकामी होती, तिथे आज जिवंत असलेल्या माणसांना उभं केलं गेलं. म्हणून ‘आदिम’ हा शब्द गेला. तो शिष्टाचार नव्हता, सिद्धान्तच पडला होता.

धुळेकर
सर, ‘आदिम’चं पटलं. पण दगडात प्राण आहे असं ते मानतात, हे तर खरं ना? नाव काहीही द्या.

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
हेच एका माणसाने विचारून पाहिलं आहे. कॅनडात बेरेन्स नदीकाठी ओजिब्वे लोक राहतात. आपल्या भाषेत नामाला लिंग असतं, तसं त्यांच्या भाषेत सजीव-निर्जीव असा भेद व्याकरणातच आहे आणि ‘दगड’ हा शब्द सजीव गटात पडतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अर्व्हिंग हॅलोवेल यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, “आपल्या आजूबाजूला दिसतात ते सगळे दगड जिवंत आहेत का?” तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “नाही! पण काही आहेत.”

हॅलोवेल यांनी हे 1960 साली छापलं. या उत्तरात टायलर बसत नाहीत. ‘सगळ्या दगडांत प्राण असतो’ असा सिद्धान्त त्या म्हाताऱ्याकडे नव्हताच. दगड कसा वागला, कोणाशी वागला, यावर ते ठरत होतं. तिथलीच आणखी एक हकीकत आहे. एका गोऱ्या व्यापाऱ्याला बटाट्याच्या वाफ्यात खणताना मोठा दगड सापडला. तो कुठल्या विधीतला असेल म्हणून त्याने तिथल्या विधीप्रमुखाला बोलावलं. प्रमुख वाकला आणि त्याने दगडालाच विचारलं, तू कधी माझ्या विधीच्या मांडवात होतास का? दगड ‘नाही’ म्हणाला, असं त्याने सांगितलं. विषय मिटला. श्रद्धेने आंधळा झालेला माणूस प्रत्येक दगडापुढे लोटांगण घालेल, अशी आपली कल्पना असते. इथे चौकशी झाली आणि दगड नापास झाला.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. यावरून हॅलोवेल म्हणाले की त्यांच्या जगात ‘व्यक्ती’ हा वर्ग माणसांहून मोठा आहे. माणसं हा त्यातला एक प्रकार. आज ज्याला रिलेशनल ऑन्टॉलॉजी म्हणतात, म्हणजे आधी वस्तू आणि मग तिची नाती असं न धरता नात्यातूनच कोण काय आहे ते ठरतं असं धरणं, त्याचं एक मूळ इथे आहे.

भाऊ, तुमचा म्हसोबा घ्या. वावरातले बाकीचे धोंडे तुम्ही बांधावर फेकता ना?

गिरणाकाठचा शेतकरी
फेकतो की. दरवर्षी ट्रॉली भरून निघतात.

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
तेच. ‘नाही, पण काही आहेत.’ आणि कानबाई तर पाहुणी म्हणून येते, मान घेते, जाते. बाजारातल्या दुसऱ्या नारळाची आपण चटणी करतो. तुम्हाला कोणी आदिम म्हटलं नाही याचं कारण तुमच्या पूजेत नाही, रकाना भरणाऱ्याच्या नजरेत आहे.

पावरा, धडगाव
सर, रकान्यावरून माझा प्रश्न. जनगणनेत आमच्या घरी धर्म कोणता लिहावा? वडील हिंदू सांगतात, मी म्हणतो आदिवासी. अ‍ॅनिमिस्ट लिहिता येतं का?

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
इंग्रजांच्या जनगणनेत तो रकानाच होता. 1901 ला अ‍ॅनिमिस्ट म्हणून गणती झाली, 1931 मध्ये त्या जागी ‘आदिवासी धर्म’ असा शब्द आला. कोण कुठे टाकायचा हे बऱ्याचदा मोजणारा ठरवी, आणि रेघ नीट ओढता येत नाही हे तेव्हाचे अधिकारीही मान्य करत. 2011 मध्ये सहा धर्मांना संकेतांक होते, त्याखेरीज दुसरा असेल तर नाव पूर्ण लिहायचं होतं. घरात कोणतं नाव लिहावं, हे मी बाहेरून सांगणं योग्य नाही. वडिलांशी बोला.

पावरा, धडगाव
ठीक. पण ‘आदिम’ काढताना ‘आदिवासी’ला हात लावू नका. आमच्या शब्दातला ‘आदि’ म्हणजे इथले आधीचे, मागासलेले नाही. आणि आमचा धर्म बदलतच नाही असंही लिहू नका. आमच्याकडचे संत, मोरवडच्या गुला महाराजांनी 1930 नंतरच्या काळात दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा असं सांगितलं. डोंगरातून हजारो लोक आले. ज्याला इतिहास आहे तो धर्म अवशेष कसा?

एक नोकरदार, नाशिक
प्रिमिटिव्ह हा शब्द सरकारी यादीत आहे. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांना त्यावर योजना मिळतात. तो काढला तर योजना बंद होतील.

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
नाही, काळजी नको. केंद्राने 2006 मध्येच ते नाव बदलून ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ केलं, योजना चालू राहिल्या. मराठी कागदांवर अजून ‘आदिम जमाती’ छापलं जातं, हे खरं. पण इथली चर्चा धर्माच्या नावाची आहे.

शहाद्याची शिक्षिका
सर, दगड समजला. वाघदेवाला हे लागू होतं का? तो तर हिंडणारा प्राणी आहे, खांब त्याची खूण.

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
निलगिरीतल्या नायक लोकांत मानववंशशास्त्रज्ञ नुरित बर्ड-डेव्हिड यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी काम केलं, त्यावरचा त्यांचा गाजलेला लेख 1999 चा. तिथे एक बाई कंद खणत असताना एक दगड, म्हणजे ‘देवरु’, तिच्याकडे आला. तिने तो सोबत राहायला घरी आणला. हत्तीचंही तसंच. जो हत्ती घरांमधून कोणाला इजा न करता निघून गेला तो हत्ती-देवरु. ज्याने झोपड्या तुडवल्या तो नुसता हत्ती. जात तीच, पण नातं राखलं की नाही यावर नाव बदललं. आता तुमच्या विद्यार्थिनीला विचारायला सांगा : गुरं खाऊन गेलेला बिबट्या वाघदेव असतो का? की वाघदेवाकडे त्याची तक्रार करायची असते? पाड्यापाड्यात उत्तर वेगळं येऊ शकेल, म्हणून मी अंदाज करत नाही.

अक्कलकुव्याची कार्यकर्ती
मी या भागात बायांच्या तक्रारींवर काम करते. नातं, आदर, सहजीवन हे वाचून छान वाटतं, पण याच जगात ‘डाकीण’ही आहे. आजारपणामागे कोणाची तरी नजर आहे असं ठरतं आणि एखाद्या एकट्या बाईला मारहाण होते, तिची जमीन जाते. व्यक्तींनी भरलेल्या जगात वाईट करणारी व्यक्तीही शोधली जाते. पुस्तकवाले हे का सांगत नाहीत? आदिम म्हणू नका, मान्य. पण सगळं गोडही करू नका.

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
ताई, हा आक्षेप मला मान्य आहे. नव्या लेखनात आदरावर फार भर आहे. भीती, रुसवा, सूड हीही नातीच आहेत. दुसरी अडचणही सांगतो. ‘आधुनिक माणूस वस्तू पाहतो, ते नाती पाहतात’ अशी सरळ वाटणी केली की जुनीच शिडी आडवी करून ठेवल्यासारखं होतं. गिरणाकाठच्या भाऊंना मग कुठे ठेवणार?

धुळेकर
माझा ‘सर्वात्मवाद’ मी सोडतो. त्यात सगळीकडे एकच आत्मा येतो, आणि इथे तर ‘काही आहेत’ असं चाललंय. ‘जडप्राणवाद’मध्येही ‘जड’ आधीच ठरवून टाकलंय. मग ‘जीववाद’?

पावरा, धडगाव
वाद कशाला? आम्ही वाद मांडत नाही. ‘वाघदेव’ लिहा, खाली तो काय करतो ते लिहा.

अमळनेरचे निवृत्त प्राध्यापक
एका गावाच्या नोंदीला ते पुरेल. ओजिब्वे, नायक आणि सातपुडा शेजारी ठेवायचे असतील तर मात्र काहीतरी सामाईक नाव लागेल. मी ‘अ‍ॅनिमिझम’ देवनागरीत तसाच ठेवतो आणि टायलरांचा अर्थ धरलेला नाही असं लगेच सांगतो. हे समाधानकारक नाही, पण याहून बरा मराठी शब्द मला अजून मिळालेला नाही.

शहाद्याची शिक्षिका
मथळा ‘शिवेवरचा वाघदेव’ एवढाच ठेवतेय. ‘अवशेष’, ‘आदिम’, ‘जडप्राणवादी’ तिन्ही गेले. बिबट्याचा प्रश्न मुलीला दिला, ती रविवारी पुजाऱ्याला विचारणार आहे. ती म्हणते, आजीच्या मते जनावर गेलं तर दोष वाघाचा नसतो, आपला मान चुकलेला असतो. काका ते मानत नाहीत, ते वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करतात आणि वाघबारसेला नारळही फोडतात. नोंदीत दोघांचंही घेऊ ना?

पावरा, धडगाव
दोघांचं घ्या. आणि पुजारा काय बोलतो ते त्याच्याच बोलीत लिहा, मराठी खाली द्या. उतरवायला मदत लागली तर मला सांगा, मॅडम.