अनुभव धागा : शंभर सीसीवरून चारशेवर येताना बदलावी लागलेली उजव्या हाताची सवय

इंदूरमधल्या आपल्या अनेक घरांत वडिलांची शंभर सीसीची गाडी चालवत मोठी झालेली मंडळी आता साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाड्या घेत आहेत. कोणती गाडी घ्यावी हा या धाग्याचा विषय नाही. ताकद वेगळ्या तऱ्हेने येऊ लागल्यावर सुरक्षित चालवण्यासाठी तुम्हाला काय बदलावे लागले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुवात मी करतो. जुन्या गाडीची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन साधारण ११२ किलो होते. नव्या ३९८ सीसीच्या गाडीची ताकद ४० अश्वशक्ती आणि वजन १७६ किलो आहे. म्हणजे वजन जेमतेम दीडपट वाढले आणि ताकद पाचपट. सर्व्हिस रोडवरून बायपासला लागताना जुन्या गाडीची मूठ शेवटपर्यंत पिळावी लागे, म्हणून मनगट आधीच उंच धरून मूठ पकडायची सवय लागते. मोठ्या गाडीवर तीच पकड घातक ठरते. गाडी झेपावते, अंग मागे जाते, हात मुठीला लोंबकळतो आणि मूठ आणखी उघडते. आता मी मनगट खाली आणि कोपर सैल ठेवतो, गुडघ्यांनी टाकी दाबून धरतो आणि सावकाश चालवताना दोन बोटे क्लचवर ठेवतो.

सुदामानगरहून : माझा उपाय सोपा आहे. शहरात नेहमी एक गिअर वरचा ठेवावा, म्हणजे गाडी झटका देतच नाही. राजवाड्याच्या गर्दीतही मी तिसऱ्याच्या खाली येत नाही.

पलासिया, गॅरेजचे काम करणारा : दादा, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वरच्या गिअरमध्ये झटका कमी बसतो, पण इतक्या कमी वेगात मोठे सिंगल सिलिंडर इंजिन धडधडू लागते, चेन हिसके खाते आणि मूठ सोडल्यावर इंजिनाचा जो रोध मिळायला हवा तो मिळत नाही. खरा झटका बसतो तो मूठ पूर्ण बंद असताना एकदम उघडल्यावर. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करावा, मग मूठ केसभर उघडून चेनचा ढिलेपणा निघू द्यावा आणि गाडी सरळ होऊ लागेल तसतशी ती वाढवत न्यावी. चेन प्रमाणाबाहेर ढिली असेल तर हलका हात असूनही धक्का बसतो, म्हणून ती आधी तपासावी. गर्दीत पहिला किंवा दुसरा गिअर, अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवला तर गाडी माणसाच्या चालीनेही स्थिर चालते.

लोकमान्यनगरहून : माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. मी मोठी गाडी घ्यावी का?

पलासिया : ताई, प्रश्न थोडा वेगळा आहे, पण त्याचा इथे संबंध येतो. एक पाय नीट टेकला तरी चालते. मात्र थांबताना हँडल सरळ हवे आणि पुढचा ब्रेक अलगद सुटायला हवा. तोल सावरताना नकळत मूठ पिळली जाते, त्यासाठी क्लच आधी पूर्ण दाबलेला असावा.

महूहून : माझ्या जुन्या गाडीचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडायचे. नव्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर आहेत. सिमरोलच्या पुढच्या घाटात उतरताना वरचा गिअर टाकायचा म्हणून सवयीने पंजा दाबला गेला, तर खालचा पडला आणि मागचे चाक चिरकत डगमगले. स्लिपर क्लचने हा धक्का सौम्य होतो, नाहीसा होत नाही. मोकळ्या मैदानात पाय वळेपर्यंत सराव करावा, मगच घाटात जावे.

विजयनगरहून : मला वेगाबद्दल सांगायचे आहे. ट्रकला मागे टाकताना शंभर सीसीवर ६० चे ७० व्हायला इतका वेळ लागे की माणूस आपोआप समोरचा रस्ता दोनदा पाहत असे. चारशेवर ९० कधी झाले ते जाणवतही नाही, कारण इंजिन कुरकुरत नाही. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक आणि प्रतिसादाला एक सेकंद धरला, तर ६० वरून थांबायला साधारण ३७ मीटर लागतात आणि ९० वरून ७० च्या आसपास. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण हे अंतर मिटवत नाही. म्हणून ओव्हरटेक पूर्ण होताच मी मूठ मुद्दाम मागे घेतो आणि काट्याकडे एकदा पाहतो.

सुदामानगरहून : दुसऱ्या गिअरचे पटले, करून पाहतो. पण मधली पायरी म्हणून दीडशे-दोनशे सीसी घ्यावीच लागते का?

महूहून : माझ्या मते घ्यावी. त्यातच मूठ हळू उघडायला शिकतो.

पलासिया : मला तसे सरसकट वाटत नाही. तळाशी मऊ ओढणारी साडेतीनशेची गाडी काही चपळ दोनशे सीसीच्या गाड्यांपेक्षा शिकायला सोपी जाते. ज्यांनी दोन्ही चालवल्या आहेत, त्यांनी पावसाळ्यातला फरक लिहावा.