मदत हवी आहे: फोन, नेट, पेट्रोलच्या पैशांवर टॅक्स का कापला?

हिशेबात_अडकलो: जानेवारी २०२६ची स्लिप समोर आहे.

मूळ पगार ६०,०००
घरभाडे भत्ता ३०,०००
विशेष भत्ता २४,५००
फोन-इंटरनेट १,५००
इंधन ४,०००
एकूण १,२०,०००

टॅक्स पूर्ण १,२०,००० वर लावलाय. बिलं दिली होती! शेवटचे ५,५०० करमुक्त नाहीत का? उद्या एचआरला मेल टाकायचाय, लवकर सांगा.

सदाशिव_प: नवीन करप्रणाली असेल तर विषय संपला, त्यात कुठलीच सूट नाही.

लेजरवाली: सगळ्या सुटी गेल्या असं नाही. खर्च झाला की नाही हे न बघता मिळणारा भत्ता करपात्रच. पण बिलावर परत मिळालेले पैसे आयकर नियमांतल्या नियम ३ खाली मोजतात, आणि तो नवीन प्रणालीतही लागू आहे. हिशेबात_अडकलो, बिलं कितीची? गाडी कोणती, कोणाच्या नावावर?

हिशेबात_अडकलो: नवीनच प्रणाली. मोबाइल ४७१, नेट ७०७, पेट्रोल २,६००. गाडी माझीच. तिचा काय संबंध?

मिलिंद_जे: माझ्या वेळी १,६०० रुपये वाहतूक भत्ता सरळ माफ व्हायचा. तोच मागा.

लेजरवाली: मिलिंदराव, तो एप्रिल २०१८ पासून बंद झाला, स्टँडर्ड डिडक्शन आलं तेव्हा.
गाडीचा संबंध असा: स्वतःची कार १.६ लिटरपर्यंतची असेल आणि ती ऑफिसलाही वापरता, घरीही, तर महिन्याला १,८०० वजा होतात. म्हणजे ४,००० मधले २,२०० करपात्र.

हिशेबात_अडकलो: कार नाही हो, स्कूटर आहे! साइटवर जायला. रविवारी घरचेही वापरतात.

लेजरवाली: हे आधी सांगायचं ना. स्कूटरला ९००च. मग तुमची स्लिप अशी:

फोन-नेट १,५०० पैकी करमुक्त १,१७८, करपात्र ३२२
इंधन ४,००० पैकी करमुक्त ९००, करपात्र ३,१००

म्हणजे ५,५०० पैकी २,०७८ सुटतात. तुमचं उत्पन्न १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतं, सेस धरून महिन्याला साधारण ३२४ रुपये वाचतील. स्कूटर फक्त कामालाच वापरली असती आणि तारीख, ठिकाण, किलोमीटर लिहिलेली नोंदवही व कंपनीचा दाखला असता, तर पेट्रोलचे २,६०० पूर्ण सुटले असते. रविवारच्या फेऱ्यांमुळे तो मार्ग बंद.

सदाशिव_प: पण नेट कसं धरलं? नियमात टेलिफोन आणि मोबाइल एवढंच लिहिलंय.

लेजरवाली: कामासाठी लागणारं नेट बऱ्याच कंपन्या त्यातच धरतात. नियमात शब्द नाही, हे खरं. धोरणात लिहिलेलं असलं की भांडायला आधार मिळतो.

हिशेबात_अडकलो: नेटचं बिल वडिलांच्या नावावर आहे. चालेल?

सदाशिव_प: आमच्याकडे परत पाठवलं होतं.

लेजरवाली: मोबाइलचे ४७१ आणि पेट्रोलचे ९०० आधी मागा. मेलमध्ये एवढंच विचारा की ही रक्कम भत्ता म्हणून टाकली की बिलावरचा परतावा म्हणून. भत्ता म्हणून टाकली असेल तर बिलं त्यांच्याकडे नुसती पडून असतील. फेब्रुवारी-मार्चच्या पगारात ते टीडीएस जुळवून देऊ शकतात.