वडिलांच्या गालावर झपाट्याने वाढणारी, न दुखणारी गाठ: पुण्यात कोणाला दाखवू?

अंजीरबाग:
नमस्कार. वडील ७६ वर्षांचे, सासवडला आयुष्यभर उन्हात शेती केली, आता आमच्याकडे धायरीला असतात. डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, साधारण दीड महिन्यापूर्वी मटकीएवढी पुटकुळी दिसली. आता ती हरभऱ्याहून मोठी आहे. लालसर जांभळी, वरून गुळगुळीत आणि चमकदार. दुखत नाही, खाजत नाही, पू नाही, रक्तही आलेलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी गळू समजून अँटिबायोटिकचा कोर्स दिला, काही फरक नाही. आता म्हणतात, चरबीची गाठ असेल, सवडीने काढू. घरात पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, त्यामुळे वडील म्हणतात, "दुखत नाही ना, मग लग्नानंतर बघू." पुण्यात चांगले त्वचारोगतज्ज्ञ सुचवाल का? आणि तोवर थांबलं तर चालेल का?

निशिगंधा_के:
घाबरू नका. माझ्या आईच्या नाकाजवळ असंच होतं, तपासल्यावर बेसल सेल कॅन्सर निघाला. तो अगदी हळू वाढतो, तिचा चार-पाच वर्षं तसाच होता. छोटं ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहे. चेहऱ्यावरचे कॅन्सर बहुतेक असेच सौम्य असतात. एखाद्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये लेझरने जाळून घेतलं तर डागही राहणार नाही.

स्लाइडवाली:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठींचे तुकडे रोज बघते. निशिगंधाताई, चेहऱ्यावरचे बहुतेक त्वचेचे कॅन्सर हळू वाढतात हे खरं आहे. पण म्हणूनच इथे थांबायचं नाही. आईंची गाठ वर्षानुवर्षं तशीच होती, ही काही आठवड्यांत दुपटीहून मोठी झाली आहे. वयस्कर माणूस, उन्हाचा चेहरा, झपाट्याने वाढणारी, चमकदार लाल-जांभळी, न दुखणारी गाठ. हे सगळं एकत्र आलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते मर्केल सेल कार्सिनोमा, त्वचेचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर. दुर्मिळ आहे, आपल्याकडे तर फारच कमी दिसतो. हे दुसरंही काही असू शकेल: रंगद्रव्य नसलेला मेलानोमा, लिम्फोमा, दुसरीकडून आलेली गाठ किंवा अगदी निरुपद्रवी रक्तवाहिन्यांची गाठ. नुसतं बघून कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तुकडा तपासणी याच आठवड्यात करा.

दुखत नाही हा दिलासा नव्हे. मर्केलची गाठ बहुधा दुखतच नाही, आणि त्यामुळेच तिला आधी चरबीची गाठ किंवा गळू समजलं जातं. तेवढ्या वेळात तिच्या पेशी लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या असू शकतात. हाताला गाठ लागत नसलेल्या रुग्णांतही साधारण तिघांपैकी एकाच्या जवळच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडतात.

लेझर किंवा जाळणं अजिबात नको. जाळलं की माझ्या हातात तपासायला काहीच येत नाही.

एक विचारते: वडिलांना रक्ताचा काही आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे का?

दादा_सातारकर:
माझ्या पाठीवर वीस वर्षांपासून काळा तीळ आहे, तोही दाखवू का? कधी कधी खाजतो.

स्लाइडवाली:
दादा, रंग किंवा आकार बदलला असेल तर दाखवाच, पण ते वेगळं प्रकरण आहे. इथे आधी यांचं बघू.

अंजीरबाग:
हो, दोन वर्षांपूर्वी रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. रक्ताचे डॉक्टर सीएलएल म्हणाले, म्हणजे पांढऱ्या पेशींचा हळू वाढणारा कॅन्सर; औषध नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. हृदयासाठी इकोस्प्रिनही चालू आहे. वडिलांची एकच भीती आहे: "चाकू लागला की कॅन्सर पसरतो."

स्लाइडवाली:
सीएलएल असणाऱ्यांत मर्केलचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि तो अधिक आक्रमकही असतो. म्हणून माझं मत आणखी ठाम झालं. वडिलांना सांगा, तपासणीसाठी तुकडा काढल्याने तो पसरत नाही, थांबल्याने पसरतो. इकोस्प्रिन स्वतःहून बंद करू नका, बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

ससूनच्या त्वचारोग विभागात किंवा कुठल्याही एमडी त्वचारोगतज्ज्ञाकडे जागेवर भूल देऊन पंच बायोप्सी होते, काही मिनिटांचं काम. "दीड महिन्यात वाढली, सीएलएल आहे" हे चिठ्ठीवर लिहायला सांगा. आमच्याकडे नुसतं "गाठ" एवढंच लिहून आलं तर आम्हीही दुसऱ्याच दिशेने विचार करतो.

आणि रिपोर्ट येण्याआधी कोणी "पूर्ण मोठी कापून टाकू" म्हणालं तर थांबवा.

रानवारा:
पण एकदाच सगळी काढली तर दोनदा त्रास नको ना? इतका वेळ का घालवायचा?

स्लाइडवाली:
मर्केल निघाला तर पेशी आधी जिथे पोचतात ती पहिली लसिकाग्रंथी शोधावी लागते. गाठीच्या आसपास रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि ते प्रथम कुठल्या ग्रंथीत पोचतं ते बघून तीच काढून तपासतात. गालाच्या बाबतीत ती बहुधा कानापुढच्या लाळग्रंथीत किंवा मानेत असते. आधीच भोवतीची कातडी मोठी कापली तर वाटा बदलतात आणि ती ग्रंथी नीट सापडत नाही. म्हणून मोठं ऑपरेशन आणि ही तपासणी एकाच वेळी व्हावी. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, त्यामुळे डोकं-मान कॅन्सरचे सर्जन हवेत.

अंजीरबाग:
अपडेट. बायोप्सी झाली, वडील अगदी शांत होते. पहिला रिपोर्ट: "लहान गोल निळ्या पेशींचा ट्यूमर, पुढील तपासणी हवी." याचा अर्थ काय?

स्लाइडवाली:
म्हणजे साध्या रंगावर फरक कळत नाही. फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर, लिम्फोमा आणि मर्केल तिन्ही असेच दिसतात. ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यावर, विशेष रंग करायला सांगा. CK20 हा रंग पेशीच्या केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखा आला आणि TTF-1 हा दुसरा रंग निगेटिव्ह असला, तर बहुधा मर्केलच. स्लाइड्स आणि ब्लॉक तुमच्या ताब्यात घेऊन ठेवा, दुसरं मत घेताना लागतील.

अंजीरबाग:
CK20 पॉझिटिव्ह, TTF-1 निगेटिव्ह. मर्केल आहे. पेट-सीटी या शरीराच्या स्कॅनमध्ये बाकी कुठे काही दिसलं नाही. ऑपरेशन पुण्यात करायचं की परळच्या टाटाला जायचं, हे अजून ठरत नाही.

निशिगंधा_के:
माझा सल्ला चुकीच्या दिशेने नेणारा होता, लेझरचं तर नकोच होतं. पेट स्वच्छ आहे, मग ग्रंथी काढायची कशाला?

स्लाइडवाली:
थोड्या पेशी पेटमध्ये दिसत नाहीत, म्हणून ती तपासणी तरीही करावी. पुणे की टाटा, याचं उत्तर सर्जनला दोन प्रश्न विचारून मिळेल: ही ग्रंथी शोधण्याची सोय तुमच्याकडे आहे का, आणि ऑपरेशननंतर रेडिएशन किती लवकर सुरू होईल? हा कॅन्सर रेडिएशनला चांगला प्रतिसाद देतो आणि सीएलएल असल्यामुळे ते बहुधा सुचवतीलच. पसरलेला असेल तर अ‍ॅव्हेलुमॅबसारख्या इम्युनोथेरपी आहेत, पण त्या खूप महाग आहेत आणि सीएलएलमध्ये किती साथ देतील हे मी सांगू शकत नाही.

रानवारा:
टाटाला जाणार असाल तर दादरला आमच्या काकांकडे उतरायची सोय होईल, मेसेज करा.

अंजीरबाग:
आभारी आहे. वडील ऑपरेशनला तयार आहेत, पण रोज रेडिएशनला जाणं अनेक आठवडे जमेल का याबद्दल साशंक आहेत. सोमवारी सर्जनची भेट आहे, दोन्ही प्रश्न लिहून घेतले आहेत.