मुद्देमालाच्या नोंदी अपुऱ्या असल्यास आरोपी सुटावा काय?

प्रश्न (कळवा): पंचांसमक्ष पुडी सापडली, प्रयोगशाळेने ती मेफेड्रोन हा अमली पदार्थ असल्याचे सांगितले, तरी आरोपी सुटतो. पुडी मधल्या दिवसांत कोठे होती, याला इतके महत्त्व का?

निवृत्त पोलीस हवालदार, नेरूळ: ही सुटका मला अन्यायाची वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले आहे की, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 52अ चे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढण्याच्या तरतुदीचे, पालन झाले नाही एवढ्यावरून खटला कोसळत नाही. त्यामुळे मालखान्यातली एखादी नोंद राहिली तरी बिघडू नये.

फौजदारी वकील, ठाणे: निकालाचा अर्धाच भाग आपण सांगितला. भौतिक पुराव्यातच विसंगती असेल आणि त्यामुळे फिर्यादी पक्षाची हकीकत संशयास्पद ठरत असेल, तर त्या त्रुटीचा लाभ आरोपीला मिळतो.

समजा, वागळे इस्टेटमध्ये 60 ग्रॅम पूड सापडली. मेफेड्रोन 50 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ती व्यापारी मात्रा धरली जाते आणि तिथे किमान शिक्षा 10 वर्षे आहे. पुडी लाखेने सील करून मालखान्यात ठेवली, नवव्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढले आणि ते कलिन्याच्या प्रयोगशाळेत गेले. उलटतपासणीत मात्र असे निघाले की, मुद्देमाल रजिस्टर न्यायालयात आणलेच नाही, नमुने नेणाऱ्या शिपायाची साक्ष झाली नाही, आणि सीलचा ठसा त्या नऊ दिवसांत तपास अधिकाऱ्याच्याच ताब्यात होता. म्हणजे पुडी उघडून पुन्हा सील करणे त्याला शक्य होते. रासायनिक विश्लेषक फक्त आपल्या टेबलावर आलेल्या पाकिटात काय होते ते सांगतो. ती पूड याच आरोपीच्या खिशातली होती, हे त्याला ठाऊक नसते. तो दुवा रजिस्टर, मुद्देमाल कारकून आणि शिपाई यांच्या साक्षीनेच जुळतो. राजस्थानच्या एका खटल्यात मालखान्याचे रजिस्टर हजर केले नव्हते आणि सीलचा नमुना तुलनेसाठी प्रयोगशाळेकडे पाठवला नव्हता. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील निर्दोष मुक्तता कायम ठेवली.

केवळ उशीर झाला म्हणून मात्र खटला पडत नाही. सील अखंड असल्याचे प्रयोगशाळेने नोंदवले असेल आणि मधले सर्व हात साक्षीला उभे राहिले, तर नऊ दिवसांचाही खुलासा होतो.

ऐरोली: आईची चोरीला गेलेली सोनसाखळी सापडली, पण पंचनाम्यात 14 ग्रॅम आणि परत मिळाली ती 13 ग्रॅमची. इथेही पुराव्याची साखळी तुटली म्हणायची का?

फौजदारी वकील, ठाणे: आपला प्रश्न मुद्देमाल परत मिळण्याचा आहे. वजनातला फरक न्यायालयापुढे लेखी मांडा आणि जप्तीच्या वेळचे फोटो मागवा. आईंना आपला दागिना घडणीवरून ओळखता येईल. पांढरी पूड मात्र दुसऱ्या पांढऱ्या पुडीसारखीच दिसते, म्हणून तिथे सील आणि नोंद हीच तिची ओळख असते.

निवृत्त पोलीस हवालदार, नेरूळ: रजिस्टर न आणणे ही चूक आहे, हे मान्य. पण पुडी बदलली, अशी सूचनासुद्धा बचाव पक्षाने उलटतपासणीत साक्षीदाराला केली नसेल, तेव्हा केवळ शक्यतेवर सुटका व्हावी, हे मला अजून पटत नाही.

फौजदारी वकील, ठाणे: दुवा सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. तरी सूचना मुळीच झाली नसेल, तर शंकेला किती वजन द्यावे याबाबत न्यायाधीशांचीही मते वेगवेगळी पडतात.